एक काज राहिले होते

इंग्लंडच्या पश्चिम भागात ग्लॉस्टर नावाचे जुने शहर आहे. १८९० च्या दशकात तिथे जॉन प्रिचर्ड नावाच्या तरुण शिंप्याचे दुकान होते. शहराच्या नव्या महापौरासाठी कपडे शिवायचे काम त्याच्याकडे आले. एका शनिवारी, काम अर्धेच झालेले असताना, त्याने दुकानाला कुलूप लावले. सोमवारी येऊन बघतो तो वेस्टकोट शिवून तयार होता. फक्त एक काज करायचे राहिले होते आणि तिथे एक चिठ्ठी लावलेली होती. काजाचे रेशीम संपले, एवढाच तिचा मजकूर.

प्रिचर्ड व्यवहारी माणूस होता. आपल्याकडचे वेस्टकोट रात्री पऱ्या येऊन शिवून जातात, अशी जाहिरात त्याने दुकानाच्या खिडकीत लावली. खरी गोष्ट नंतर कळली. हे काम त्याच्या हाताखालच्या माणसांनी, मालकाला न सांगता, रात्री दुकानात बसून उरकले होते.

ही हकिकत बिअ‍ॅट्रिक्स पॉटर या लेखिकेच्या कानावर आली. ग्लॉस्टरजवळच्या खेड्यात ती नातेवाइकांकडे उतरत असे, तिथे तिला ती ऐकायला मिळाली. तिने त्यावर मुलांसाठी एक गोष्ट रचली, ‘द टेलर ऑफ ग्लॉस्टर’. १९०१ च्या नाताळात तिने ती आपल्या जुन्या शिक्षिकेच्या आजारी मुलीला भेट म्हणून लिहून दिली. १९०२ च्या डिसेंबरात स्वतःच्या खर्चाने तिच्या ५०० प्रती छापल्या आणि १९०३ मध्ये फ्रेडरिक वॉर्न या प्रकाशनसंस्थेने ती बाजारात आणली. स्वतःच्या सगळ्या पुस्तकांत पॉटरला हेच सर्वांत आवडते होते.

गोष्टीत तिने काळ शंभर-सव्वाशे वर्षे मागे नेला आणि प्रिचर्डच्या जागी एक म्हातारा, गरीब शिंपी आणला. महापौराचे नाताळच्या सकाळी लग्न आहे. त्याच्यासाठी चेरीच्या रंगाचा रेशमी कोट आणि साटिनचा वेस्टकोट शिवायचा आहे. सगळे तुकडे बेतून झालेत, अस्तर कापून झालेय, पण काजांसाठी लागणारी चेरी रंगाच्या पीळदार रेशमाची एक लड कमी आहे. काजे एकवीस. शिंपी शेवटचे चार पेन्स देऊन सिंपकिन नावाच्या मांजराला दूध, पाव आणि रेशीम आणायला पाठवतो. सिंपकिनने चहाच्या कपांखाली उंदीर कोंडून ठेवलेले असतात. शिंपी ते सोडून देतो, म्हणून मांजर रागावते आणि रेशीम किटलीत लपवते. शिंपी तापाने अंथरुणाला खिळतो. त्याने सोडवलेले उंदीर त्या रात्रींत सगळे कपडे शिवून टाकतात. एक काज मात्र राहते, आणि चिठ्ठीही तीच.

हाताखालच्या माणसांची जागा उंदरांनी घेतली. पण राहिलेले काज आणि संपलेले रेशीम या दोन गोष्टींना पॉटरने हात लावला नाही. शिवणकाम न जाणणाऱ्या वाचकाला हा शेवट गमतीचा वाटतो. इतका मोठा कोट शिवला आणि एका भोकापाशी अडले? जवळच्या दुसऱ्या दोऱ्याने का नाही उरकले? शिंप्याला असा प्रश्न पडत नाही. शिंप्यांच्या व्यवसायासाठी निघणाऱ्या ‘द टेलर अँड कटर’ या इंग्रजी नियतकालिकाने मुलांच्या या पुस्तकाची दखल घेतली, याचे नवल वाटायला नको. गोष्टीचा पेच खरा शिंपीकामातला आहे. तो समजण्यासाठी काज म्हणजे काय आणि शिकाऊ मुलाला ते जमायला इतका वेळ का लागतो, हे पाहावे लागते.

शिवणकामातल्या बहुतेक चुका उसवून दुरुस्त होतात. बाही वाकडी लागली तर टाके काढून पुन्हा लावता येते, कॉलरही उतरवता येते. काजासाठी मात्र शिवून होत आलेल्या कपड्याला, अगदी दर्शनी जागी, मुद्दाम चीर द्यावी लागते. ती एका बाजूला दोन मिलिमीटर सरकली तर ती जागा परत अखंड होत नाही. कोटाच्या कामात काजे शेवटाकडे येतात, म्हणजे कित्येक तासांची मेहनत ओतून झाल्यावर. म्हणून जुन्या दुकानांत शिकाऊ मुलाला कोटाजवळ येऊच देत नसत. त्याच्या हातात चिंध्या असत. दोन पदर सुटाचे कापड, मध्ये कॅनव्हास, अशा तुकड्यावर त्याने काजे करीत राहायची.

समजा, सुटांच्या दुकानात असा एक मुलगा लागला आहे. बटण २० मिलिमीटर व्यासाचे आहे. मास्टर त्याला पहिल्यांदा मोजायला लावतात. काज बटणाएवढे असून चालत नाही, बटणाला जाडीही असते. म्हणून व्यासात दोन-तीन मिलिमीटर वाढवायचे. आपले काज २२ मिलिमीटरचे धरू. कोटाचे काज आडवे असते, आणि त्याला कारण आहे. कोट घातला की दोन्ही पल्ल्यांवर ताण आडवा येतो. बटण त्या ताणाने काजाच्या पुढच्या टोकाला जाऊन टेकते आणि तिथेच थांबते. उभ्या काजाला तोच ताण दोन्ही ओठ फाकवून बघेल. शर्टाला पुढे उभी काजे चालतात, कारण तिथे बटणे पुष्कळ आणि ताण थोडा. त्याच शर्टाच्या गळपट्टीचे काज मात्र आडवे असते. कपाटातला कुठलाही शर्ट काढून पाहिला तरी हे दिसेल.

बटण जिथे टेकते त्या टोकाला कोटाच्या काजात एक छोटे गोल भोक पाडतात. त्याला डोळा म्हणू. बटणाखाली दोऱ्याची जी मान असते, ती या डोळ्यात बसते. डोळा नसेल तर मानेची जाडी चिरेला पुढच्या टोकाशी फुगवते. म्हणून मुलगा खडूने रेघ आखतो आणि रेघेभोवती कच्च्या टाक्यांची चौकट घालतो, म्हणजे वरचे कापड, कॅनव्हास आणि खालचा पदर एकमेकांवरून सरकणार नाहीत. मग पोकळ ठोक्याने डोळा पाडतो आणि छिन्नीने किंवा टोकदार कात्रीने एका दमात चीर देतो. कात्री दोनदा चालवली की चिरेत पायरी पडते. पुढचा टाका त्या पायरीवर अडखळतो आणि ते शेवटपर्यंत दिसते.

चीर दिली की कापडाचे धागे सुटू लागतात. लोकरी कापडात ते लगेच जाणवते. बारीक दोऱ्याने चिरेच्या दोन्ही कडांवर तिरपे, विरळ टाके घेऊन धागे बांधून घेतात. मग येतो गिंप. ही एक बारीक, ताठ दोरी असते, आत दोऱ्याचा गाभा आणि वरून रेशमाचे वेढे. ती चिरेच्या कडेला ठेवायची आणि काजाचा प्रत्येक टाका तिच्यावरून जाऊ द्यायचा. पुरे झालेल्या काजात गिंप दिसत नाही. काजाची कड उठावदार आणि गोलसर दिसते ती मात्र त्याच्यामुळे. बटण रोज आतबाहेर जाताना कड ताणली जाऊ नये, हे कामही गिंपच करतो.

आता रेशीम. साधा शिवणीचा दोरा बारीक असतो आणि शिवणीत बुडून जावा अशीच त्याच्याकडून अपेक्षा असते. काजाच्या दोऱ्याला वर बसायचे असते आणि तोही दर टाक्याला गाठ घेऊन. त्यासाठी जाड, घट्ट पिळाचे रेशीम लागते. रेशमाचा धागा लांब आणि गुळगुळीत असल्यामुळे कापडातून पन्नास वेळा ओढला तरी त्याला लव सुटत नाही. पीळ घट्ट असल्यामुळे गाठ चपटी न होता मण्यासारखी वर राहते. सुती दोऱ्याने तेच काज केले तर गाठी दबतात आणि काही वेळा धुतल्यावर काज केसाळ दिसू लागते. म्हणून जवळचा दुसरा दोरा इथे चालत नाही. एका कोटावर वीस काजे चमकती आणि एक मळकट असेल, तर बघणाऱ्याची नजर त्या एकावरच जाणार. रेशीम वापरण्याआधी मधमाश्यांच्या मेणाच्या वडीवरून ओढतात आणि कागदात धरून त्यावर गरम इस्त्री फिरवतात. मेण दोऱ्यात मुरते, दोरा किंचित ताठ होतो आणि त्याचा पीळ सुटायची घाई कमी होते.

टाका ऐकायला सोपा आहे. सुई चिरेतून कापडाच्या मागे न्यायची, कडेपासून अडीच-तीन मिलिमीटर आत, मागून पुढे काढायची. सुई अर्धी बाहेर आली की तिच्या नाकाकडचा दोरा धरून टोकाखालून एक वेढा द्यायचा आणि मग सुई ओढून घ्यायची. ओढताना आधी वर आणि मग चिरेच्या दिशेने. वेढ्याची गाठ होते आणि ती चिरेच्या ओठावर येऊन बसते. पुढचा टाका शेजारी, त्याच खोलीचा. डोळ्यापासून लांबच्या टोकाला सुरुवात करायची, एका कडेने जायचे, डोळ्याला वळसा घालायचा आणि दुसऱ्या कडेने परत यायचे. शेवटी सुरुवातीच्या टोकाला आडवे तीन-चार धागे टाकून त्यांच्यावर तेच टाके घ्यायचे. ही आडवी पट्टी चीर पुढे फाटू देत नाही, आणि गिंपची दोन्ही टोकेही तिच्याखाली दडतात.

आपल्या मुलाने पहिले काज केले आणि मास्टरांना दाखवले. मास्टर पुढून क्षणभर बघतात आणि म्हणतात, “उलटं कर.” मागच्या बाजूला टाक्यांची ओळ दातेरी आहे. एक टाका दोन मिलिमीटर खोल, पुढचा साडेतीन. मुलगा पुढे बघत शिवत होता आणि पुढे गाठी ठीक दिसत होत्या. खोली चुकते ती सुई कापडाला सरळ न भिडल्यामुळे. सुई तिरपी गेली की पुढे बरोबर जागी निघाली तरी मागे तिने वेगळी जागा घेतलेली असते. यावर नजर तीक्ष्ण करून उपयोग नाही. सुई धरायची रीत बदलावी लागते. मधल्या बोटाला अंगुस्ताना घालून, बोटाच्या बाजूने सुई लोटायची आणि मनगट स्थिर ठेवायचे.

पुढच्या काजांत खोली साधते, पण गाठी वरखाली होतात. काही चिरेच्या तोंडावर, काही कापडावर चढलेल्या. हा ओढण्याचा दोष आहे. टाका घट्ट ओढला तर गाठ चिरेच्या आत बुडते, सैल सोडला तर वर चढते. आणि जो दोष मुलाला सर्वांत उशिरा समजतो तो असा की, काजाच्या सुरुवातीला दोरा लांब असताना हाताचा झटका मोठा असतो, शेवटाकडे दोरा आखूड होतो तसा हात आखडतो. म्हणून एका कडेच्या गाठी मोकळ्या आणि दुसऱ्या कडेच्या आवळलेल्या. मास्टर यावर सल्ला देतात तो हात कितीही लांब जाऊ दे, शेवटचा दोन बोटांचा दोरा मात्र दर वेळी सारखाच हळू ओढायचा. गाठ त्या शेवटच्या दोन बोटांत बसते, आधीच्या ओढीचा तिच्याशी संबंध नसतो.

त्यानंतरचा दोष दोऱ्याचा. प्रत्येक वेढ्याबरोबर रेशमाचा पीळ थोडा उलगडतो किंवा वाढतो. उलगडला तर दोरा चपटा होतो आणि गाठी विस्कटतात. वाढला तर दोरा स्वतःभोवती गुंडाळून फास पडतो. दहा-बारा टाक्यांनी सुई मोकळी लोंबती सोडायची, ती आपोआप गरगरते आणि पीळ मूळ जागी येतो. घाईतला मुलगा हे टाळतो, आणि काजाच्या दुसऱ्या अर्ध्यात त्याची शिक्षा दिसते.

खरी परीक्षा डोळ्याभोवती. सरळ कडेला आतली आणि बाहेरची लांबी सारखी असते. डोळ्याभोवती आतला परीघ लहान आणि बाहेरचा मोठा असतो. गाठी आतल्या परिघावर येतात, टाक्यांची खोल टोके बाहेरच्या. म्हणून टाके चाकाच्या आऱ्यांसारखे पसरवावे लागतात. बाहेर अंतर ठेवून आत गाठींनी गर्दी केली, तर गाठी एकमेकींवर चढतात. गर्दी टाळायला टाके विरळ केले, तर मधून कापडाची कड डोकावते. त्यावर उपाय असा की वळणावर बोटांनी कापड किंचित फिरवत जायचे, म्हणजे सुई प्रत्येक टाक्याला डोळ्याच्या मध्याकडे बघेल. गिंपही इथे हलक्या हाताने धरायचा. तो ओढला गेला तर डोळा आक्रसतो आणि भोवतीचे कापड चुरगळते.

एक दिवस हे सगळे एका काजात एकत्र येते. पुढून गाठींची एक अखंड ओळ दिसते, मागून टाक्यांची सरळ रेघ, डोळा गोल आणि चीर बंद. मास्टर काजाचे दोन्ही ओठ कच्च्या दोऱ्याने मिटवून घेतात, उलट्या बाजूने इस्त्री मारतात, टोकदार सळई डोळ्यात घालून तो नीट गोल करतात आणि कच्चा दोरा ओढून काढतात. मग बटण घालून बघतात. बटण जाताना किंचित अडायला हवे आणि निघताना अडू नये. मुलगा या काजाकडे बघत राहतो, पण मास्टरांनी त्याला शिकवायचे राहिलेले काम इथे सुरू होते. हेच काज शेजारी पुन्हा करायचे, आणि तसेच तिसरे. एक चांगले काज हाताला लागू शकते. कोटाला मात्र तीन सारखी काजे लागतात, महापौराच्या कपड्यांना एकवीस.

आणि इथेच रेशमाचा हिशेब येतो. आपल्या २२ मिलिमीटरच्या काजात दोन्ही कडा मिळून ४४ मिलिमीटर आणि डोळ्याचा वळसा साधारण १० मिलिमीटर, म्हणजे साडेपाच सेंटिमीटरभर गाठींची ओळ होते. सेंटिमीटरला आठ टाके धरले तर चाळीस ते पंचेचाळीस टाके झाले. प्रत्येक टाक्यात रेशीम कापडाच्या पुढून आणि मागून मिळून पाचएक मिलिमीटर जाते आणि तेवढेच गाठीत. म्हणजे टाक्याला सेंटिमीटरभर आणि एकूण चाळीस ते पंचेचाळीस सेंटिमीटर. टोकाच्या पट्टीला आणखी थोडे. शिवाय शेवटचे टाके घ्यायला सुईत वीतभर दोरा हातात उरावा लागतो, नाहीतर सुई ओढताच येत नाही. म्हणून पाऊण मीटर लागतोच, आणि शिंपी एका काजाला मीटरभर कापून घेतो.

इतकी काळजी कशासाठी, तर काजाच्या मध्ये दोरा जोडायचा नसतो म्हणून. नवा दोरा आला की त्याचे टोक कुठेतरी दडवावे लागते, आणि सरळ कडेवर दडवायला जागा नसते. एक गाठ जाड पडते किंवा एक टाका सैल राहतो. अगदीच वेळ आली तर गिंपच्या कडेने जुने आणि नवे टोक सरकवून निभावता येते, पण बघणारा शिंपी असेल तर त्याला ती जागा सापडतेच. म्हणून काज सुरू करण्याआधी लडीत किती उरले आहे ते बघायचे. मीटरभर नसेल तर चीर द्यायचीच नाही.

आता ग्लॉस्टरच्या त्या चिठ्ठीकडे वळले की तिचा अर्थ बदलतो. आपल्याच हिशेबाने एकवीस काजांना वीस मीटरच्या आसपास रेशीम लागते. अठराव्या शतकातली काजे आकाराने वेगळी होती, त्यांना डोळाही नसे, पण धाग्याची भूक याच मापाची. पॉटरच्या शिंप्याला लडीची चिंता वाटते ती याच गणितामुळे. वेस्टकोट शिवणाऱ्या हातांना रेशीम पुरणार नाही हे कळले, तेव्हा त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. उरलेल्या तुकड्यावर अर्धे काज करून दुसऱ्या रंगाने पुरे करायचे, किंवा कापडाला हात न लावता चिठ्ठी ठेवायची. त्यांनी दुसरी वाट धरली. विसावे काज जमले हे तर कसब आहेच. पण शिकाऊ शिंपी झाला की नाही, हे माझ्या मते एकविसाव्या काजापाशी थांबण्यावरून ठरते. ज्याला रेशमाचा अंदाज नाही तो चीर देऊन बसला असता आणि मग नव्या लडीचाही फारसा उपयोग झाला नसता, कारण लड येईपर्यंत कापडाचे धागे सुटत राहतात.

पॉटरने चित्रांसाठी जी तयारी केली, तिच्यातही हीच शिस्त दिसते. अठराव्या शतकातले कपडे तिने आठवणीतून काढले नाहीत. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागातल्या संग्रहालयात, आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, जुने भरतकामाचे कपडे टेबलावर मांडून घेऊन तिने ते उतरवले. पुस्तकातला वेस्टकोट त्यांतल्याच एका खऱ्या कपड्यावरून आला आहे. शिंपी मांडी घालून कसा बसतो हे बघायला तिने स्वतःच्या कोटाचे बटण मुद्दाम तोडले आणि ते लावून घेण्याच्या निमित्ताने चेल्सीतल्या एका शिंप्याच्या दुकानात जाऊन बसली. तिच्या उंदरांचे टाके खरे वाटतात, त्यामागे अशी पाहणी आहे.

ही कथा आली तोवर काजे करणारी यंत्रे आली होती, आणि आज बहुतेक कपड्यांची काजे यंत्रावरच होतात. आपल्याकडच्या गावांत आणि शहरांत लहान शिंपी स्वतः काजाचे यंत्र ठेवत नाही. शिवलेले शर्ट तो काज-बटणवाल्याकडे पाठवतो, आणि ते गठ्ठ्याने होऊन परत येतात. साधे यंत्र आधी टाके मारते आणि मग मधून कापते. त्यामुळे चिरेत कापडाचे बारीक केस उभे दिसतात. हाताच्या काजात आधी चीर असते आणि टाके नंतर, म्हणून कड झाकलेली असते. यंत्राच्या काजात पुढची-मागची बाजू जवळपास सारखी दिसते. हाताच्या काजात गाठी फक्त पुढे असतात, मागे साध्या टाक्यांची ओळ. आणि यंत्राचे टाके एकमेकांशी इतके तंतोतंत असतात, तेवढे कोणाचाच हात करीत नाही. हाताच्या काजाची ओळख थोड्याशा जिवंतपणाने पटते, पण त्या सबबीवर ढिसाळ काजही हातचे म्हणून खपवले जाते, हेही खरे.

म्हणून सुट, जोधपुरी किंवा शेरवानी हाताच्या काजांनी शिवून घ्यायची असेल, तर शिंप्याचे आधीचे काम पुढून बघून भागत नाही. कपडा उलटा करून मागच्या टाक्यांची रेघ पाहावी. डोळा जिथे वळतो तिथे बोट फिरवावे. कड सलग लागली पाहिजे, मध्येच खरखर लागली तर तिथे गाठी चढल्या आहेत. बटण घालून आणि काढून बघावे. काज सैल असेल तर बटण चालता-बसता निसटते, आणि सैल काज नंतर घट्ट करता येत नाही. सगळ्यांत खात्रीचा उपाय म्हणजे आपल्याच कापडाच्या उरलेल्या तुकड्यावर, आपल्याच बटणाच्या मापाने, एक काज करून मागणे. चांगला कारागीर याला नाही म्हणणार नाही. कारण कोटाला चीर देण्याआधी तो स्वतःसाठी तसे एक करतोच.